हल्ला नेमका किती वाजता झाला?

सायबर हल्ल्याच्या बातमीत बहुधा दोन आकडे असतात: किती खंडणी मागितली आणि किती नुकसान झालं. हल्ल्यानंतर तपासाला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याआधी वेगळाच आकडा शोधावा लागतो. कोणती गोष्ट किती वाजता घडली? चोर आत कधी आला, आत किती दिवस राहिला, काय घेऊन गेला आणि मग कुलूप घातलं की आधी घातलं, या सगळ्याची उत्तरं वेळेच्या एका तक्त्यात असतात. आम्ही त्याला टाइमलाइन म्हणतो. ती चुकली तर पुढचा प्रत्येक निर्णय चुकतो, आणि कधीकधी निर्दोष माणसावर आळ येतो.

ही टाइमलाइन कशी बांधतात ते एका घटनेच्या आधारे सांगते. ही घटना एका कारखान्याची म्हणून लिहिली असली तरी ती दोन-तीन ठिकाणच्या कामांवरून जुळवलेली आहे. गाव, धंदा, दिवस आणि आकडे बदलले आहेत. कोणती यंत्रणा कोणत्या कंपनीची होती, चोर नेमक्या कोणत्या फटीतून आत आला आणि आम्ही तपासाला काय वापरलं, हे यात येणार नाही. त्यामागची कारणं पुढे येतीलच.

पहिले काही तास

वाहनांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. रविवारी सकाळी पाळीवर आलेल्या सुपरवायझरला ड्रॉइंगच्या फाइली उघडेनात. प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची एकेक चिठ्ठी पडली होती. त्याने आयटी बघणाऱ्या मुलाला फोन केला. मुलगा धावत आला आणि त्याने इंटरनेटची केबल उपसली. वर निघालेल्या केबलचा फोटो काढून साहेबांना पाठवला. त्या फोटोवर वेळ होती सकाळी ९ वाजून २० मिनिटं. या फोटोचा पुढे मोठा उपयोग झाला.

सर्व्हर त्याने बंद केला नाही, आणि ते बरोबर केलं. अशा वेळी हात आधी बटणाकडे जातो. पण चालू संगणकाच्या मेमरीत कोणता प्रोग्राम चाललाय, तो बाहेर कुणाशी बोलतोय, अशा खुणा असतात आणि वीज गेली की त्या पुसल्या जातात. म्हणून नेटवर्क तोडायचं, यंत्र चालू ठेवायचं, हा सर्वसाधारण नियम. त्याला अपवाद आहे. डोळ्यांदेखत फाइली एकामागून एक बिघडत असतील आणि नेटवर्क तोडूनही ते थांबत नसेल, तर यंत्र बंद करणंच योग्य. पुरावा महत्त्वाचा, पण उरलेला डेटा त्याहून महत्त्वाचा.

आम्ही पोचलो तेव्हा पहिलं काम होतं नकला घेण्याचं. मूळ डिस्कवर तपास करायचा नसतो. कारण नुसती फाइल उघडली तरी यंत्र स्वतःच्या नोंदी बदलतं. म्हणून लिहिण्याची सोय बंद ठेवणाऱ्या जोडणीतून डिस्कची हुबेहूब प्रत काढायची, मूळ डिस्क सीलबंद करायची आणि काम प्रतीवर करायचं. प्रत हुबेहूब आहे हे सिद्ध करायला हॅश काढतात. डिस्कवरचा सगळा मजकूर एका ठरलेल्या गणितातून गेला की एक ठरावीक लांबीची अक्षरमाला मिळते. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी ती पार बदलते. लिनक्स असलेल्या कुठल्याही संगणकावर हे करून पाहता येतं:

```
printf 'abc' | sha256sum
ba7816bf8f01cfea414140de5dae2223b00361a396177a9cb410ff61f20015ad  -
```

तीन अक्षरांचा मजकूर असो की दोन टेराबाइटची डिस्क, या पद्धतीत उत्तर ६४ चिन्हांचंच येतं. मूळ डिस्कचा आणि प्रतीचा हॅश जुळला की ती प्रत मान्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हा हॅश लिहायला जागाच ठेवली आहे. डिस्क कुणी काढली, कुणाच्या हाती दिली, किती वाजता दिली, याचीही सहीनिशी नोंद लागते. पोलिसांच्या पंचनाम्याला जी शिस्त असते तीच इथे पाळावी लागते.

याच दरम्यान आणखी एक घड्याळ चालू असतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत त्यांना कळवावं लागतं. पुष्कळ मालक इथे अडतात. "मॅडम, अजून आपल्यालाच काही कळलेलं नाही, त्यांना काय सांगायचं?" असं विचारतात. तेवढंच सांगायचं. काय दिसलं, कधी दिसलं, कोणत्या यंत्रणांवर दिसलं आणि आतापर्यंत काय केलं. बाकीची माहिती जसजशी मिळेल तसतशी नंतर देता येते.

काकांवर आलेला संशय

आम्ही जाण्याआधीच कारखान्यात एक निष्कर्ष निघाला होता. हिशेब विभागात बरीच वर्षं काम करणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे काकाच म्हणत. हल्ल्यात वापरलेलं लॉगिन त्यांचं होतं. त्यांचा लॅपटॉप काढून घेतला होता आणि त्यांना घरी थांबायला सांगितलं होतं.

संशयाला आधार नव्हता असं नाही. आयटीच्या मुलाने तीन ठिकाणच्या नोंदी काढून एका कागदावर मांडल्या होत्या. पहिलं ठिकाण फायरवॉल, म्हणजे कारखाना आणि इंटरनेट यांच्यामधलं नाकं. दुसरं व्हीपीएन, म्हणजे घरून किंवा बाहेरगावाहून कारखान्याच्या यंत्रणेत यायचा अधिकृत रस्ता. आणि तिसरा फाइल सर्व्हर. कागदावर क्रम असा होता: शनिवारी संध्याकाळी ७:३८ ला फायरवॉलमधून भला मोठा डेटा बाहेर जायला सुरुवात. मध्यरात्रीनंतर ००:१८ ला काकांच्या नावाने सर्व्हरवर लॉगिन. ००:३१ ला त्याच नावाने व्हीपीएनमधून प्रवेश. २:१० ला पहिली फाइल कुलूपबंद. ३:०२ ला सर्व्हरच्या नोंदी पुसल्या.

हा क्रम जसाच्या तसा वाचला तर गोष्ट सरळ दिसते. शनिवारी संध्याकाळी ७:३८ ला काका ऑफिसात होते, तेव्हा डेटा बाहेर गेला. रात्री व्हीपीएनमधून कुणी येण्याच्या तेरा मिनिटं आधीच सर्व्हरवर लॉगिन झालं. म्हणजे ते करणारा माणूस कारखान्याच्या आतच असणार. "आतलाच माणूस आहे," हे साहेबांचं वाक्य या कागदावरून आलं होतं.

पण हा कागद तीन वेगवेगळ्या घड्याळांवरून लिहिला होता, आणि ती घड्याळं एकमेकांशी जुळतात का हे कुणी पाहिलं नव्हतं.

साडेपाच तास आणि चौदा मिनिटं

आधी फायरवॉल घेतली. तिच्या नोंदींत इंटरनेटची जोडणी तुटल्याची वेळ होती ०३:५०. जोडणी तुटली ती आयटीच्या मुलाने केबल उपसली तेव्हा, आणि त्या फोटोवर वेळ होती ९:२०. फरक बरोबर साडेपाच तासांचा. हा आकडा दिसला की आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही कारण लगेच कळतं. ते यंत्र भारतीय वेळेवर चाललेलंच नव्हतं. ते यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आणि भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. काही यंत्रं अशी वेळ लिहिताना शेवटी झेड अक्षर लावतात, त्यामुळे ओळखता येतं. खालच्या दोन नोंदी एकाच क्षणाच्या आहेत:

```
19:38:05Z
01:08:05+05:30
```

या फायरवॉलमधून नोंदींची फाइल काढताना ते शेवटचं अक्षर गळालं होतं. उरलं ते नुसतं १९:३८, आणि वाचणाऱ्याने ते संध्याकाळचे ७:३८ धरले. प्रत्यक्षात डेटा बाहेर जाऊ लागला तो रविवारी पहाटे १ वाजून ८ मिनिटांनी.

हे खरं आहे का, ते दुसऱ्या बाजूनेही पडताळलं. बाहेर गेलेला डेटा साधारण ४० गिगाबाइट होता आणि कारखान्याची इंटरनेटची जोडणी सेकंदाला १०० मेगाबिटची. पूर्ण वेगाने पाठवला तरी एवढ्या डेटाला ५३ मिनिटांच्या आसपास लागतात. १:०८ ला सुरू झालेलं काम दोनच्या सुमारास संपतं, आणि २:१० ला पहिली फाइल कुलूपबंद होते. आधी चोरायचं आणि मग कुलूप घालायचं, हा अशा टोळ्यांचा नेहमीचा क्रम आहे. दुरुस्त केलेली वेळ त्यात चपखल बसली.

मग व्हीपीएन. ते यंत्र भारतीय वेळेवरच होतं, पण आम्ही त्याच्या पडद्याशेजारी बरोबर वेळ दाखवणारा फोन धरला तर ते चौदा मिनिटं पुढे होतं. दोन्हींचा एकत्र फोटो काढून ठेवला. तपासाच्या सुरुवातीला प्रत्येक यंत्राचं घड्याळ असं तपासायचंच असतं.

पण एवढ्याने भागत नाही. ते यंत्र आज चौदा मिनिटं पुढे आहे म्हणून हल्ल्याच्या रात्रीही तेवढंच पुढे होतं असं धरता येत नाही. घड्याळ हळूहळू सरकतं, किंवा मध्येच कुणी हाताने लावतं. म्हणून रोज ठरलेल्या वेळी घडणारी आणि दोन्ही यंत्रांवर नोंदली जाणारी एखादी गोष्ट शोधली. ती मिळाली. कारखान्याच्या गोदामातला संगणक रोज रात्री अकराच्या सुमारास आपोआप व्हीपीएनमधून याच सर्व्हरला जोडला जात असे आणि दिवसभराचा साठा पाठवत असे. दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवल्या. मागच्या दोन आठवड्यांत प्रत्येक रात्री व्हीपीएनची वेळ सर्व्हरच्या वेळेपेक्षा तेरा ते चौदा मिनिटांनी पुढे होती, हल्ल्याच्या रात्रीही. आता दुरुस्तीला भक्कम आधार मिळाला. व्हीपीएनवरचे ००:३१ म्हणजे खरे ००:१७. सर्व्हरवरचं लॉगिन ००:१८ चं. चोर आधी बाहेरून व्हीपीएनमधून आला आणि मिनिटभरात सर्व्हरवर गेला.

फाटकावरच्या वॉचमनने हाताने लिहिलेल्या वहीत काका शनिवारी रात्री ८:१० ला बाहेर पडल्याची नोंद होती. त्यांचा लॅपटॉप त्याआधीच बंद झाला होता आणि रविवार उजाडेपर्यंत सुरूच झाला नव्हता. व्हीपीएनमध्ये जिथून प्रवेश झाला तो पत्ता देशाबाहेरचा होता. कुणीतरी काकांचा पासवर्ड वापरला होता. तो पासवर्ड बाहेर कसा गेला, हेही आम्हाला नंतर सापडलं. ते इथे लिहीत नाही, कारण तशीच व्यवस्था आजही अनेक ठिकाणी चालू आहे.

अहवालात आम्ही "काका निर्दोष आहेत" असं लिहिलं नाही. तसं लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही. नोंदी यंत्रांच्या असतात, हेतू त्यांत दिसत नाही. आम्ही लिहिलं ते असं: या कर्मचाऱ्याच्या नावाचं खातं वापरलं गेलं, त्या वेळी त्यांचं यंत्र बंद होतं, हे कृत्य त्यांनी केल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नोंदींत नाही. एवढं पुरलं. साहेबांनी काकांना स्वतः फोन केला आणि दुसऱ्या दिवशी काका कामावर आले.

शुक्रवारचा बॅकअप का चालला नाही

टाइमलाइनचा दुसरा उपयोग कारखाना परत उभा करताना झाला. शुक्रवारी रात्री घेतलेला बॅकअप एका डिस्कवर होता. ती डिस्क काढून कपाटात ठेवली असल्यामुळे चोराच्या हाती लागली नव्हती. साहेब म्हणाले, "मग टाका की तोच. सोमवारी मशीन चालू व्हायला पाहिजेत." त्यांची घाई समजण्यासारखी होती. ग्राहकाकडे माल वेळेवर गेला नाही तर रोजचा दंड होता.

पण चोर आत शनिवारी आला नव्हता. व्हीपीएनच्या नोंदी मागे मागे वाचत गेल्यावर त्याच खात्याने बाहेरदेशातून केलेला सर्वांत जुना प्रवेश अकरा दिवस आधीच्या बुधवारी पहाटे ३:४६ चा निघाला. दुसऱ्याच रात्री सर्व्हरवर नवं खातं तयार केल्याची नोंद होती, विंडोजच्या भाषेत 4720 क्रमांकाची. नाव एखाद्या नेहमीच्या सेवेसारखं दिसणारं, आणि अधिकार मात्र प्रशासकाचे. हे खातं शुक्रवारच्या बॅकअपमध्ये होतं, त्याच्या आधीच्या शुक्रवारच्या बॅकअपमध्येही होतं. तो बॅकअप जसाच्या तसा चढवला असता, तर चोराने स्वतःसाठी केलेला दरवाजा आम्हीच परत बसवला असता.

म्हणून यंत्रणा कोऱ्या डिस्कवर नव्याने उभारली, सगळ्यांचे पासवर्ड बदलले आणि शुक्रवारच्या बॅकअपमधून फक्त ड्रॉइंग, हिशेब आणि साठ्याचा डेटा तपासून घेतला. सोमवारी मशीन चालू झाली नाहीत. गुरुवारी झाली. हे तीन दिवस कशासाठी खर्च होतायत, ते साहेबांना टाइमलाइनचा एकच कागद दाखवून पटवता आलं.

इथे एका मर्यादेचा उल्लेख करायला हवा. व्हीपीएनच्या नोंदी फक्त मागच्या सोळा दिवसांच्या होत्या. त्याआधीच्या पुसल्या गेल्या होत्या, चोराने नव्हे, तर जागा भरल्यामुळे यंत्रानेच. पहिले पाच दिवस नोंदी स्वच्छ होत्या, म्हणून बुधवारचा प्रवेश पहिला असण्याची शक्यता मोठी होती. पण अहवालात "पहिला प्रवेश" असं लिहिता येत नाही. "उपलब्ध नोंदींतला सर्वांत जुना प्रवेश" असंच लिहावं लागतं.

आणि सर्व्हरच्या नोंदी तर चोराने ३:०२ ला पुसल्याच होत्या. विंडोजमध्ये सुरक्षेच्या नोंदी पुसल्या की पुसल्याचीच एक नोंद उरते, 1102 क्रमांकाची. सर्व्हरवर तेवढीच शिल्लक होती. तरीही ००:१८ चं लॉगिन आणि 4720 ची नोंद आम्हाला मिळाली, ती आयटीच्या त्या मुलामुळे. त्याने वर्षभरापूर्वी एका जुन्या संगणकावर सर्व्हरच्या नोंदींची प्रत घडल्या क्षणी जमा होईल अशी सोय केली होती, आणि त्या संगणकाचा पासवर्ड वेगळा ठेवला होता. चोराला तो संगणक आहे हेच कळलं नाही. या एका सोयीवर सगळा तपास उभा राहिला.

ऑडिट कशाचं करायचं

घटनेनंतरचा तपास आणि घटनेआधीचं ऑडिट ही दोन वेगळी खाती समजली जातात. मला ती एकाच कामाची दोन टोकं वाटतात. तपासात टाइमलाइन बांधायची असते. ऑडिटमध्ये, उद्या वेळ आली तर ती बांधता येईल का, हे आजच पाहायचं असतं.

त्याच कारखान्याचं पुढच्या वर्षी ऑडिट झालं. सुरुवात कागदांनी झाली. कोणत्या यंत्रणा तपासायच्या, कोणत्या वेळेत, काही बिघडलं तर कुणाला फोन करायचा, हे सगळं लेखी ठरलं आणि मालकाची सही झाली. ती औपचारिकता नाही. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागते, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली गुन्हा ठरतो. माझा हेतू चांगला होता म्हणून ती भरपाई टळत नाही. सहीचा कागद असल्याशिवाय आम्ही काहीही तपासत नाही.

कारखान्याने आता छान धोरण लिहून घेतलं होतं. त्यात एक कलम होतं की सर्व नोंदी १८० दिवस जतन केल्या जातील. सर्ट-इनच्या निर्देशांतही १८० दिवसच सांगितले आहेत. धोरण वाचून खूण करणारा ऑडिटर इथे पुढे जातो. आम्ही विचारलं, "पाच महिन्यांपूर्वीच्या कुठल्याही एका दिवसाची फायरवॉलची नोंद दाखवता का?" ती निघाली नाही. हिशेब केला तर कारण साधं होतं. फायरवॉल दिवसाला सुमारे २ गिगाबाइट नोंदी लिहीत होती. १८० दिवसांना ३६० गिगाबाइट जागा लागते. नोंदींसाठी राखलेली जागा होती ३२ गिगाबाइट, म्हणजे सोळा दिवसांची. धोरण कुणी खोटं लिहिलं नव्हतं, फक्त गुणाकार कुणी केला नव्हता.

दुसरा प्रश्न घड्याळांचा. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत सर्व यंत्रांची घड्याळं एनआयसीच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळसेवेशी जुळवून ठेवायला सांगितलं आहे. काकांच्या प्रकरणानंतर हे कलम कारखान्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आम्ही तरीही एक चाचणी घेतली. मागच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता सर्व्हरवर कोण होतं, ते तिन्ही ठिकाणच्या नोंदींवरून दाखवा, असं सांगितलं. आयटीच्या मुलाने पाऊण तासात दाखवलं, आणि तिन्हीकडच्या वेळा सेकंदांच्या फरकाने जुळल्या. ऑडिटच्या अहवालात आम्ही हे आवर्जून लिहिलं. काय चुकलं याबरोबर काय नीट चाललं, तेही अहवालात यायला हवं, नाहीतर पुढच्या वर्षी खर्च वाचवायला नेमकी तीच गोष्ट कापली जाते.

तिसरा प्रश्न बॅकअपचा. बॅकअप आहे का, असं विचारलं की उत्तर नेहमी "आहे" असंच येतं. म्हणून आम्ही एक फोल्डर निवडून दिलं आणि ते रिकाम्या यंत्रावर परत आणून दाखवायला सांगितलं, हातात घड्याळ घेऊन. परत आलं, पण दुपार गेली. एका फोल्डरला दुपार लागते, तर सगळ्याला किती लागेल, हा आकडा साहेबांना पहिल्यांदाच कळला.

काय सांगायचं, काय नाही

अशा कामाचा अहवाल लिहिताना एकाच कागदावर दोन परस्परविरोधी गरजा येतात. ज्याला दुरुस्ती करायची आहे त्याला फट नेमकी कुठे आहे ते कळायला हवं. आणि तोच कागद भलत्या हाती पडला तर चोराला आयता नकाशा मिळतो. म्हणून आम्ही अहवालाचे भाग करतो. मालकाला काय घडलं, काय करायचं आणि किती दिवसांत, एवढं चार पानांत. तांत्रिक तपशील वेगळ्या फाइलमध्ये, कुलूपबंद, आणि तिचा पासवर्ड मेलवर नाही, फोनवर. कोणाला कोणती प्रत दिली याची यादी असते.

जगभरच्या तपास पथकांत त्यासाठी सिग्नलच्या दिव्यांवर आधारलेली एक खूणपद्धत आहे. कागदावर लाल खूण असेल तर तो ज्याच्या हातात दिला त्याच्यापुरताच. पिवळी असेल तर ज्याला कामासाठी गरज आहे अशा संस्थेतल्या माणसांपर्यंत. हिरवी असेल तर त्या क्षेत्रातल्या इतरांपर्यंत, पण जाहीर नाही. आणि जे सर्वांना सांगता येईल त्यावर कुठलंही बंधन नसतं. आमच्या घटनेत यंत्रणेचा नकाशा आणि ती फट लाल खुणेखाली गेली. चोराच्या प्रोग्रामचा हॅश आणि तो ज्या बाहेरच्या पत्त्यांशी बोलत होता ते सर्ट-इनला दिले, कारण दुसऱ्या कारखान्यात तोच प्रोग्राम आला तर त्यावरून ओळखता येतो. काकांचं नाव तांत्रिक अहवालातही घातलं नाही. तिथे फक्त खात्याला दिलेला एक क्रमांक होता.

गुप्ततेचा अर्थ मौन नाही, हे मी आग्रहाने सांगेन. पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा तो प्रकार लोकांसमोर आला. ११ ऑगस्टला, शनिवारी, अनेक देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, आणि सोमवारी आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणेतून आणखी रक्कम बाहेर गेली. हे दिवस जाहीर झाल्यामुळे बाकीच्या बँकांना एक ठोस गोष्ट कळली: कर्मचारी कमी असतात त्या सुट्टीच्या दिवशी नोंदींवर कुणाचा तरी डोळा हवा. त्यासाठी बँकेच्या यंत्रणेतली फट जगाला सांगावी लागली नाही. वेळ आणि क्रम सांगितला तरी शिकणाऱ्याला पुरेसं शिकता येतं.

म्हणून छोट्या पतसंस्थेचे संचालक, शाळेचे मुख्याध्यापक किंवा रुग्णालयाचे व्यवस्थापक भेटले की मी त्यांना महागडं काही घ्यायला सांगत नाही. आयटी बघणाऱ्याला शेजारी बसवा आणि प्रत्येक यंत्राचं घड्याळ फोनशेजारी धरून पाहा. सर्वांत जुनी नोंद किती दिवसांपूर्वीची आहे ते विचारा. त्या नोंदींची प्रत दुसऱ्या पासवर्डच्या दुसऱ्या यंत्रावर जाते का ते पाहा. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका दुपारी मिळतात. ती मिळाली नाहीत, तर हल्ल्यानंतर कितीही हुशार तपासनीस आणला तरी त्याला अंदाजच बांधावे लागतील, आणि त्या अंदाजांचा पहिला बळी बहुधा तुमच्याच ऑफिसातला माणूस असेल.